चार ढीग: रिजेक्शनचा प्रश्न सोडवण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे हे कसं ओळखायचं

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी क्वालिटी पाहत होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात आमचं रिजेक्शन 4 टक्के होतं, जुलैत ते 9 टक्क्यांवर गेलं. महिन्याला साधारण 6000 कास्टिंग, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेले भाग, त्यातली 540 बाद. (आकडे सांगायच्या सोयीसाठी गोल केले आहेत.) मालकांनी मीटिंग बोलावली आणि पहिल्या दहा मिनिटांत टेबलावर चार उपाय आले. प्रॉडक्शनवाले म्हणाले, कामगारांना ट्रेनिंग द्या. मेथड्सचा इंजिनिअर म्हणाला, सगळा डेटा गोळा करून मुळापर्यंत जाऊ. मी म्हणालो, चेकलिस्ट कडक करा. मालक म्हणाले, रात्रपाळीच्या ठेकेदाराला काढा.

चौघांचंही थोडं थोडं बरोबर होतं आणि एकूण सगळंच चुकीचं होतं, कारण 9 टक्के हा एक प्रश्नच नव्हता. वेगवेगळ्या जातींचे प्रश्न एका आकड्यात कोंबलेले होते. प्रत्येकाने आपल्याला येणारं हत्यार काढलं आणि त्या हत्याराला साजेसा प्रश्न मनाशी ठरवून टाकला.

प्रश्नांची जात आधी ओळखायची ही पद्धत डेव्ह स्नोडेन यांनी 1999 मध्ये आयबीएममध्ये काम करताना मांडली. नाव वेल्श भाषेतलं, उच्चार साधारण ‘कनेविन’. 2007 मध्ये त्यांनी आणि मेरी बून यांनी हार्वर्डच्या व्यवस्थापन मासिकात त्यावर लेख लिहिला, तेव्हापासून मॅनेजर लोकांत ती पसरली. इंग्रजीतले चार शब्द मराठीत आणताना पंचाईत होते, कारण मधल्या दोघांना आपण एकच शब्द वापरतो, ‘गुंतागुंतीचा’. म्हणून मी सोपा, किचकट, गुंतलेला आणि अनागोंदीचा असे चार शब्द वापरतो. पाण्याची मोटर उघडून दुरुस्त करणं किचकट आहे. जाणकार वायरमन लागतो, वेळ लागतो, पण नीट जोडली की ती चालते, आणि आपण तिच्याकडे पाहतोय म्हणून ती वेगळी वागत नाही. भावकीतला बांधाचा वाद गुंतलेला असतो. एकाशी बोललात की तिघांचं वागणं बदलतं, आणि काल चाललेली युक्ती आज चालेलच असं नाही.

मीटिंग निष्फळ संपल्यावर आम्ही एक अडाणी वाटणारं काम केलं. आठवड्याभराची बाद कास्टिंग शेडमध्ये जमिनीवर मांडली आणि दोषाच्या दिसण्यावरून ढीग केले. उरलेल्या महिन्याची विभागणी तपासणीच्या नोंदींवरून झाली. सुमारे 150 कास्टिंगमध्ये वाळू घुसलेली किंवा कडा ढासळलेल्या. 230 मध्ये ब्लोहोल, म्हणजे गॅस अडकून झालेली भोकं, आणि त्यातली जवळजवळ सगळी एकाच पार्टमध्ये, पंपाच्या बॉडीत. 120 मध्ये मेटल पूर्ण भरलंच नव्हतं किंवा दोन बाजूंनी आलेलं मेटल नीट जुळलं नव्हतं. हे बहुतेक रात्रपाळीचे. उरलेली 40 किरकोळ.

पद्धतीच्या भाषेत, कोणत्या खणात टाकायचं हेच कळत नसेल अशा अवस्थेलाही एक वेगळा, पाचवा खण आहे. तिथे अडकलात तर प्रश्नाचे तुकडे करायचे आणि तुकडे वेगवेगळ्या खणांत टाकायचे. आमचे ढीग म्हणजे तेच. प्रत्येक ढिगापाशी आम्ही दोन प्रश्न विचारले. ह्याचं कारण इथल्या कुठल्याही अनुभवी माणसाला लगेच सांगता येतं का, आणि दोघांना वेगवेगळं विचारलं तर उत्तर एकच येतं का? नसेल, तर पुरेसा अभ्यास केल्यावर कारण सापडेल आणि ते उद्याही तेच राहील अशी खात्री आहे का?

पहिल्या ढिगाला साचे बनवणाऱ्या दोघा जुन्या मोल्डरांनी एकच उत्तर दिलं: “वाळूला पाणी एकसारखं नाही, साहेब.” हा सोपा प्रश्न. अशा वेळी पाहायचं, कोणत्या प्रकारात बसतं ते ठरवायचं आणि ठरलेला उपाय करायचा. वाळू ओलसर आहे की कोरडी हे पाहायला कॉम्पॅक्टेबिलिटीची चाचणी असते. नळीत वाळू सैल भरून दाबायची आणि ती उंचीत किती टक्के खाली बसली ते मोजायचं. आमच्या साच्यांना 38 ते 42 हवं होतं, आणि चाचणी दर अर्ध्या तासाला व्हायची होती. रजिस्टर काढलं तर पान भरून 40, 40, 39, 40, 40. एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेलं. मी स्वतः दिवसभर उभं राहून मोजलं तेव्हा आकडे 31 पासून 47 पर्यंत फिरले. 31 ला साच्याची कड बोटाने भुगा होते, तीच वाळू मेटलबरोबर आत वाहून जाते.

कारण हसू येईल इतकं साधं होतं. चाचणीचं यंत्र लॅबमध्ये होतं, आणि लॅब नि मलर, म्हणजे वाळू मळायचं यंत्र, यांच्यामध्ये उघडं अंगण. जुलैच्या कोल्हापुरी पावसात चाचणी करणाऱ्या पोराने दिवसातून सोळा वेळा भिजत जावं अशी आमची अपेक्षा होती. यंत्र मलरशेजारी शेडखाली आणलं. तिथे संभाव्य कारणांच्या फांद्या दाखवणारं फिशबोनचं चित्र काढणं म्हणजे सर्दीला एमआरआय.

दुसरा ढीग किचकट. पंपाच्या बॉडीत गॅस का अडकतो यावर मोल्डर एक सांगत, कोअर, म्हणजे आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा गाभा, बनवणारे दुसरं, फर्नेसवाला तिसरं. पण तिघांनाही मान्य होतं की उत्तर कुठेतरी आहे आणि ते शोधता येईल. इथे जाणकार आणि विश्लेषण कामाचं. आधी नीट पाहायचं, मग विश्लेषण, मग निर्णय.

आम्ही वीस बाद बॉडी कापल्या. भोकं बाहेरच्या, साच्याच्या बाजूला नव्हती, आतल्या पोकळीलगत होती, म्हणजे कोअरच्या बाजूला. त्यामुळे साच्याच्या वाळूवरचा संशय बराच कमी झाला. उरले दोन संशयित. एक, पावसाळी हवेत कोअरवरचा पाण्यात कालवलेला लेप नीट वाळत नसेल. ओलाव्याची वाफ होते आणि ती मेटलमध्ये शिरते. दोन, मेटल ओतताना थंड पडत असेल, आणि गॅस बाहेर निघण्याआधीच वरचा थर गोठत असेल.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची ही शाळेतली सवय इथे फसवते. आम्ही दोन्ही एकत्र बदलून चार जोड्या केल्या: कोअर भट्टीत पुन्हा वाळवलेला किंवा न वाळवलेला, आणि ओतण्याचं तापमान 1370 किंवा 1410 अंश सेल्सियस. प्रत्येक जोडीत 60 बॉडी. न वाळवलेला कोअर आणि 1370 ला 10 बाद. न वाळवलेला आणि 1410 ला 9. वाळवलेला आणि 1370 ला 6. वाळवलेला आणि 1410 ला 1.

पहिल्या दोन आकड्यांवर थांबलो असतो तर निष्कर्ष निघाला असता की तापमानाने काही होत नाही, कारण साठांत 10 आणि 9 मध्ये फरक नाही. ओला कोअर इतका गॅस सोडतो की गरम मेटलही त्याच्यापुढे हतबल. कोअर कोरडा झाल्यावर मात्र तापमानाचा परिणाम दिसू लागतो. दोन कारणं एकमेकांत अडकलेली असतात तेव्हा ती अशी दिसतात. साठ हा आकडा लहान, म्हणून पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा केलं. आकडे थोडे हलले, क्रम तोच राहिला. आणखी एक काळजी घेतली. लॅडल म्हणजे मेटल ओतायचं भांडं. एका लॅडलमधून साचे भरत जाताना मेटल थंड होत जातं, म्हणून सगळे वाळवलेले कोअर आधी आणि न वाळवलेले नंतर असं होऊ न देता क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. नाहीतर लॅडलचा थंडपणा कोअरच्या नावावर जमा झाला असता.

किचकट खणात एक खास धोका असतो, तज्ज्ञाचा अडलेपणा. आमचा मेथड्सचा इंजिनिअर हुशार होता, पण त्याचा सगळा भर साच्याच्या वाळूवर, कारण त्याची सगळी नोकरी त्यातच गेली होती. कापलेल्या बॉडी समोर नसत्या तर तीन महिने आम्ही वाळूच बदलत बसलो असतो. कोअरचा ओलावा पहिल्यांदा बोलली कोअर शॉपमध्ये लेप लावणारी एक बाई. तिला मीटिंगला बोलावलेलंच नव्हतं.

तिसरा ढीग, रात्रपाळीचा. हाही किचकटच समजून आम्ही सुरुवात केली, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया गेला. फिशबोन काढला, त्यावर तेवीस कारणं निघाली: नवीन पोरं, ठेकेदाराचा नगावरचा दर, झोप, सुपरवायझर, उजेड. प्रत्येकाला वेगळं कारण खरं वाटत होतं. शेवटी कमी रिजेक्शनला बक्षीस ठेवलं. तीन आठवड्यांत रात्रीचं रिजेक्शन निम्म्यावर आलं आणि मालकांनी पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत स्टोअरच्या माणसाने एक विचित्र गोष्ट दाखवली. फर्नेसच्या चार्ज रजिस्टरमध्ये परत वितळवायला टाकलेल्या मालाचं वजन वाढलं होतं. बाद कास्टिंग कमी झाली असती तर परतीचा माल कमी व्हायला हवा. म्हणजे रात्री बाद झालेली कास्टिंग सकाळच्या तपासणीआधीच फर्नेसमध्ये जात होती. वीज दोनदा जळत होती, आणि आमचा आकडा सुधारत होता.

गुंतलेल्या प्रश्नाची खूण हीच. तुम्ही त्यात हात घातला की तो बदलतो, कारण आतली माणसं तुमच्या उपायाला उत्तर देतात. मोटर असं करत नाही. म्हणून अशा ठिकाणी आधी विश्लेषण पूर्ण करून मग उपाय हा क्रमच चालत नाही. आधी लहान चाचपणी करायची, काय होतं ते पाहायचं, मग पुढचं पाऊल. चाचपणी अशी हवी की फसली तरी नुकसान लहान राहावं. एकाच वेळी दोन-तीन वेगळ्या दिशांनी हव्यात, आणि काय दिसलं की वाढवायचं, काय दिसलं की बंद करायचं हे सुरू करण्याआधी लिहून ठेवायचं. शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते. सुरू केल्यावर प्रत्येकाला आपली चाचपणी यशस्वीच दिसते.

बक्षीस बंद केलं आणि दोन आठवड्यांसाठी तीन गोष्टी सुरू केल्या. एका लाइनवर नव्या पोराबरोबर जुना मोल्डर जोडला. दुसऱ्या लाइनवर चहाची सुट्टी ओतकामाच्या मध्ये न घेता आधी घेतली. तिसऱ्या लाइनवर रात्रीची बाद कास्टिंग नावाशिवाय एका कोपऱ्यात ठेवायची, आणि सकाळी सात वाजता पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांनी पंधरा मिनिटं उभं राहून ती बघायची. दंड नाही, रजिस्टर नाही.

जोडी जमलीच नाही. जुना मोल्डर नग पूर्ण व्हावेत म्हणून पोराला बाजूला करून स्वतःच साचे भरायचा. आधीच लिहून ठेवलं होतं की आठवड्यात पोराच्या हातचे साचे वाढले नाहीत तर बंद, म्हणून मन न दुखवता बंद करता आलं. चहाने थोडा फरक पडला, पण बोलण्यासारखा नाही. कोपऱ्यातल्या ढिगाने मात्र चौथ्या सकाळी तोंड उघडलं. दिवसपाळीचा लॅडलवाला अर्धवट भरलेलं कास्टिंग हातात घेऊन म्हणाला, “हे गार लॅडलचं काम दिसतंय की.” रात्रपाळीचा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “रात्री लॅडल तापवतच नाही आम्ही. बर्नरची गॅसची टाकी स्टोअरात, आणि स्टोअरवाला सहाला कुलूप लावून जातो.”

लॅडल तापवलेला नसला की पहिल्या काही साच्यांचं मेटल लॅडलच्या भिंतीच उष्णता खाऊन थंड करतात. 120 मधला मोठा हिस्सा इथून येत होता. किल्लीची सोय करायला एक दिवस लागला. कोणी म्हणेल, मग प्रश्न सोपाच होता! कारणाचा हा तुकडा सोपा निघाला, खरं आहे. पण इतके दिवस कोणी का बोललं नाही, हा तुकडा सोपा नव्हता, आणि आजही मला त्याचं एक सरळ कारण सांगता येणार नाही. नवीन सुपरवायझरला विचारायची भीती, ठेकेदाराचा दर, बक्षिसाने शिकवलेली लपवाछपवी, सगळं थोडं थोडं. मागे वळून पाहिलं की साखळी स्पष्ट दिसते, पण पुढे पाहताना दिसत नव्हती. गुंतलेल्या प्रश्नात नेहमी असंच होतं. म्हणूनच एका फाउंड्रीतला कोपरा दुसऱ्या फाउंड्रीत जसाच्या तसा नेला तर चालेल याची मी हमी देणार नाही.

चौथी जात ढिगात नव्हती. ती ऑगस्टमध्ये एका रात्री आली. फर्नेसचा गळतीचा अलार्म वाजला, म्हणजे आतलं अस्तर फाटून मेटल फर्नेसभोवतीच्या विजेच्या कॉइलच्या दिशेने चाललेलं असू शकतं. कॉइलमधून थंड पाणी फिरत असतं. वितळलेलं लोखंड आणि पाणी भेटलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. ह्यासाठी पाठ केलेला क्रम असतो: वीज बंद, कॉइलचं पाणी चालू ठेवायचं, माणसं मागे, मेटल आणीबाणीच्या खड्ड्यात ओतायचं. इतपत तो सोपा प्रश्न होता. फोरमन खड्ड्यापाशी गेला आणि ओरडला, “खड्ड्यात पाणी आहे!” वीतभर पावसाचं पाणी. आता पाठ केलेला क्रम संपला.

अनागोंदीत विश्लेषणाला वेळ नसतो. आधी कृती, मग काय झालं ते पाहणं, मग पुढची कृती. त्या वेळी बरोबर उत्तर शोधायचं नसतं, आग थांबेल असं काहीतरी करायचं असतं. फोरमनने कोणाला विचारलं नाही. लाइनवर तयार असलेले रिकामे, कोरडे साचे दाखवले, उरलेलं मेटल शेडच्या टोकाला पसरलेल्या कोरड्या वाळूत ओतायला सांगितलं, आणि एका माणसाला एकच हुकूम दिला, की कोणालाही फर्नेसच्या जवळ येऊ देऊ नकोस. चाळीस मिनिटांत फर्नेस रिकामी झाली. साचे वाया गेले, वाळूत लोखंडाची चादर झाली, माणसं सुरक्षित राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खड्ड्याचं रजिस्टर काढलं. ‘खड्डा कोरडा’ या रकान्यात महिनाभर रोज बरोबरची खूण होती. पेन वेगळं, पण अक्षराची लय मी ओळखली: 40, 40, 39, 40, 40.

या पद्धतीच्या चित्रात सोपा आणि अनागोंदी हे खण शेजारी आहेत आणि मधली रेघ कड्यासारखी मानली जाते. बाकी सीमांवरून हळूहळू इकडून तिकडे जाता येतं, इथे मात्र खाली कोसळणं असतं. प्रश्न सोपा आहे म्हणून कोणी पाहत नाही, खूण सवयीने केली जाते, आणि एके रात्री ती सवयच कडा ठरते. दोन्ही रजिस्टरांत मला आकड्यांच्या आधी अक्षर पाहायला हवं होतं.

फोरमनचा हुकूम त्या रात्री योग्य होता. तो पुढचा पंधरवडाभर तसाच हुकूम देत राहिला, कोपऱ्यातल्या सकाळच्या गप्पाही त्याने बंद करवल्या, ‘आता शिस्त हवी’ म्हणून. अनागोंदीतून बाहेर आलो आहोत हे ओळखणं तितकंच अवघड असतं, कारण हुकूम चालतो हे एकदा पाहिल्यावर माणसाला तीच चव लागते. फर्नेस नव्या अस्तराने चालू झाल्यावर आम्ही त्याला शेडच्या छताचं काम दिलं, जेणेकरून खड्ड्यावर पाऊस पडणार नाही. तिथे हुकमाची गरज होती. सात वाजताचा कोपरा रात्रपाळीच्या पोरांनी स्वतःच पुन्हा सुरू केला.